जिथे आकडा बदलतो, तिथे रंग

गृहनिर्माण सोसायटीच्या खजिनदाराकडे एक तक्ता हमखास असतो. डावीकडे सदनिकांचे क्रमांक, वर एप्रिल ते मार्च असे महिने आणि मध्ये प्रत्येकाच्या मेंटेनन्स बिलाची रक्कम. चाळीस सदनिका आणि बारा महिने म्हटले की चारशे ऐंशी आकडे होतात. त्यातले बहुतेक आधीच्या महिन्यासारखेच असतात, आणि नेमके त्यामुळेच बदललेला आकडा नजरेतून निसटतो. १,८००च्या रांगेत एखादा १,८३० बसलेला असला तरी डोळा तो १,८०० म्हणूनच वाचून पुढे सरकतो.

हे काम एक्सेलकडे सोपवता येते. प्रत्येक सेलने आपल्या लगेच डावीकडच्या सेलशी स्वतःची तुलना करायची आणि रक्कम वेगळी असेल तर रंग घ्यायचा, एवढाच नियम. समजा, A रकान्यात सदनिका क्रमांक आहेत, B मध्ये एप्रिल, C मध्ये मे, असे करत M मध्ये मार्च. पहिली ओळ शीर्षकांची, सदनिका दुसऱ्या ओळीपासून एकेचाळिसाव्यापर्यंत. निवड C2 पासून सुरू करून M41 पर्यंत करायची. एप्रिलचा रकाना निवडायचा नाही, कारण त्याच्या डावीकडे रक्कम नसून सदनिका क्रमांक आहे. तो निवडला तर सगळा एप्रिल रंगून जातो. मग Home मधील Conditional Formatting, त्यात New Rule आणि तिथला शेवटचा पर्याय, Use a formula to determine which cells to format. सूत्र असे:

```
=C2<>B2
```

खाली Format मध्ये जाऊन Fill मधला एखादा फिकट रंग निवडला की झाले.

सूत्र एकाच सेलचे आहे, तरी ते सगळ्या तक्त्याला पुरते. एक्सेल त्यातले C2 आणि B2 हे पत्ते जसेच्या तसे धरत नाही, तर ‘मी’ आणि ‘माझ्या डावीकडची सेल’ असा त्यांचा अर्थ लावते. H24 मध्ये पोहोचल्यावर तोच नियम H24 आणि G24 यांची तुलना करतो. नियम बिघडतो तोही इथेच. सूत्र लिहिताना माउसने सेलवर टिचकी मारली, तर एक्सेल तिथे $C$2 असा पत्ता घालते. डॉलर चिन्हाने पत्ता जखडला जातो आणि प्रत्येक सेल त्याच एका सेलकडे बघू लागते. मग सगळा तक्ता एकदम रंगतो किंवा मुळीच रंगत नाही. दुसरी गफलत निवडीच्या दिशेची. खालून वर ओढत निवड केली, तर सूत्र खालच्या सेलच्या संदर्भाने वाचले जाते आणि रंग भलत्याच ओळींत उमटतात. नियम लिहिण्याआधी डावीकडे वर असलेल्या नावाच्या चौकटीत C2 दिसते आहे ना, एवढे पाहिले की हा घोळ टळतो.

आता हा रंग वाचायचा कसा, ते पाहू. सात क्रमांकाच्या सदनिकेत जुलैपासून भाडेकरू आला. बिलातला सेवा शुल्काचा भाग १,२०० रुपयांचा, म्हणून त्यावर दहा टक्के म्हणजे १२० रुपये बिनभोगवटा शुल्क लागले आणि बिल १,८०० वरून १,९२० झाले. महाराष्ट्रात या शुल्काला सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. तक्त्यात फक्त जुलैची सेल रंगते. ऑगस्टमध्येही १,९२०च आहे, म्हणून ती पांढरीच राहते. रंग वाढीव रक्कम दाखवत नाही, रक्कम बदलली तो महिना दाखवतो. पंधरा क्रमांकाच्या सदनिकेला ऑगस्टमध्ये उशिराचे व्याज लागून बिल १,८३० झाले आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा १,८०० वर आले. तिथे शेजारशेजारच्या दोन सेल रंगतात, एक जाताना आणि एक परत येताना. म्हणून एकटी रंगीत सेल दिसली की टिकून राहिलेला बदल समजावा, आणि जोडी दिसली की एका महिन्यापुरता.

मला यातली सर्वांत मोलाची जागा ऑक्टोबरची वाटते. सर्वसाधारण सभेने ठरवल्याप्रमाणे सगळ्यांची बिले वाढली, त्यामुळे H हा रकाना वरपासून खालपर्यंत रंगला. त्या सलग पट्ट्यात तेवीस क्रमांकाची एकच सेल पांढरी आहे. चूक तिथे आहे: त्या सदनिकेला वाढ लावायचीच राहून गेली.

कोऱ्या महिन्यांचा प्रश्न लगेच पुढे येतो. डिसेंबरपर्यंतची बिले भरली असतील तर जानेवारीचा रकाना रिकामा असूनही पूर्ण रंगतो, कारण रिकामी सेल २,०००च्या बरोबरीची नाही. पुष्कळ जण ‘सेल रिकामी नसेल तरच रंग’ अशी अट घालतात. ती मला पटत नाही. एखाद्या सदनिकेचे मधल्याच महिन्याचे बिल काढायचे राहिले, तर नेमकी तीच सेल मग रंगाविना राहते. त्यापेक्षा त्या महिन्यात एकाचे तरी बिल भरले आहे का, हे विचारावे:

```
=AND(COUNT(C$2:C$41)>0,C2<>B2)
```

इथे डॉलर मुद्दाम आहे आणि फक्त ओळीच्या आकड्यापुढे आहे. त्यामुळे रकाना सेलगणिक सरकतो, ओळी मात्र दोन ते एकेचाळीस अशाच राहतात. कोरा जानेवारी पांढरा राहतो आणि भरलेल्या महिन्यातली राहून गेलेली सेल रंगते.

कधी कधी डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही, तरी रंग असतो. एकतीस क्रमांकाच्या सदनिकेच्या मे, जून, जुलै या तिन्ही सेलमध्ये १,८०० आहे आणि जून-जुलैची जोडी रंगलेली आहे. जूनची रक्कम दुसऱ्या प्रणालीतून चिकटवताना मजकूर म्हणून आली, हे त्याचे नेहमीचे कारण. एक्सेलच्या लेखी मजकुरातले १८०० आणि आकड्यातले १८०० वेगळे. खूणही दिसते: असा आकडा सहसा सेलच्या डाव्या कडेला चिकटतो आणि कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येतो. खात्री करायची तर बाजूच्या मोकळ्या सेलमध्ये =ISNUMBER(D32) लिहावे; FALSE आले की तो मजकूर. दुसरे कारण पैशांचे असते. व्याजाचे गणित १,८००.४० देते आणि सेल १,८०० दाखवते. रुपयाखालचा फरक नको असेल, तर तुलनेच्या दोन्ही बाजू ROUND मध्ये घालाव्यात.

एक्सेलमध्ये Ctrl+\ हा झटपट मार्गही आहे. तो ओळीतल्या न जुळणाऱ्या सेल निवडून देतो, पण त्याची तुलना डावीकडच्या शेजाऱ्याशी नसते. ती आपण ज्या सेलपासून निवड सुरू केली, त्या रकान्याशी असते. एप्रिलपासून निवड केली तर सात क्रमांकाच्या सदनिकेचे जुलैपासूनचे सगळेच महिने निवडले जातील. एप्रिलच्या मानाने कोण कुठे आहे हे पाहायला तो चांगला, बदल कोणत्या महिन्यात झाला हे शोधायला नाही.

गुगल शीट्समध्ये हेच सूत्र Format मधील Conditional formatting मध्ये Custom formula is निवडून लिहिता येते. दोन्हीकडे एक पथ्य सारखेच आहे: तक्त्यात बाहेरून रकमा आणताना फक्त मूल्ये चिकटवावीत, एक्सेलमध्ये Paste Special मधून Values. साध्या चिकटवण्याने मूळ सेलचे स्वरूपही सोबत येते आणि नियमाच्या पट्ट्याचे तुकडे पडतात. Manage Rules उघडल्यावर एकाच नियमाच्या जागी पाच-सहा दिसले आणि Applies to मध्ये तुटक पत्ते असले, तर ते सगळे पुसून C2:M41 वर एकच नियम नव्याने लावणे सोपे जाते.