धान्याचा भार आणि जहाजाचा तोल

बल्क कॅरिअर जहाजात गहू पोत्यांविना, मोकळाच भरतात. प्रवासात दाणे दबतात आणि होल्डमध्ये वर पोकळी पडते. जहाज कलले की दाणे तिकडे घसरतात, पण उलट कलताना तितके परतत नाहीत. कल टिकतो, वाढतो. म्हणून धान्य होल्डच्या कोपऱ्यांपर्यंत पसरवून सपाट करतात. यालाच ट्रिमिंग म्हणतात.

तरीही १९९४ पासून लागू असलेली आंतरराष्ट्रीय धान्य संहिता धोका गृहीतच धरते: भरलेल्या होल्डमधील धान्याला १५ अंशांचा, अर्धवट होल्डमध्ये २५ अंशांचा उतार येईल. त्यामुळे जहाज १२ अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये. हिशेब जुळला नाही, तर अर्धवट होल्डमधील धान्यावर भरलेली पोती रचतात किंवा भाराची वाटणी बदलतात. हा हिशेब भरणीआधीच करावा लागतो.