आतडे टाकले, पडदा राखला

समुद्रकाकडीचे व्हिडिओ हल्ली मोबाइलवर फिरत असतात. कुणीतरी तो जाड, काळपट, काकडीसारखा प्राणी हातात उचलतो आणि त्याच्या मागच्या टोकातून शेवयांसारखे पांढरे, चिकट धागे बाहेर पडतात. खाली लिहिलेले असते, ‘पाहा, याने आतडी बाहेर फेकली!’ ती आतडी नसतात. काही जातींच्या शरीरात मागच्या बाजूला बारीक नळ्यांचा जुडगा असतो. संकट आले की त्यातल्या दहावीस नळ्या बाहेर सुटतात, पाण्यात कित्येक पटींनी लांब होतात आणि खेकड्याच्या किंवा माशाच्या अंगाला चिकटून त्याला जखडतात. क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने त्या ओळखल्या जातात. या नळ्या म्हणजे समुद्रकाकडीचे हत्यार आहे. त्या गेल्या तरी तिचे खाणेपिणे चालू राहते.

खरोखर आतडे टाकणे ही वेगळी आणि फार महागडी गोष्ट आहे. ती नीट समजली ती पोर्तो रिकोच्या खडकाळ किनाऱ्यावर राहणाऱ्या एका जातीमुळे. या जातीचे नाव होलोथुरिया ग्लॅबेरिमा. लाटांच्या माऱ्यात दगडांना चिकटून राहणारा हा वीतभर लांबीचा, काळसर प्राणी. पोर्तो रिको विद्यापीठातले होजे गार्सिया-अरारास आणि त्यांचे सहकारी गेली अनेक वर्षे त्याच्या आतड्याचा अभ्यास करत आहेत.

आधी तिचे शरीर आतून कसे असते ते पाहू. समुद्रकाकडी ही तारामाशाची आणि सागरी अर्चिनची नातेवाईक. तिचे शरीर म्हणजे चिवट कातडीची, द्रवाने भरलेली पिशवी. एका टोकाला तोंड, दुसऱ्या टोकाला गुदद्वार, आणि दोन्हींच्या मध्ये लांबलचक, वळसे घेत गेलेले आतडे. श्वास घेण्याचे अवयवही मागच्या टोकाशीच जोडलेले असतात. झाडासारख्या फांद्या फुटलेल्या त्या पोकळ नळ्यांत ती गुदद्वारातून पाणी आत घेते आणि बाहेर सोडते. आतडे या पिशवीत सुटे लोंबकळत नाही. एक पातळ पडदा त्याला शरीराच्या भिंतीशी सबंध लांबीभर बांधून ठेवतो. खिडकीच्या पडद्याच्या नेफ्यात काठी घालावी, तसे हे आतडे त्या पडद्याच्या कडेवर बसलेले असते. पुढची सगळी गोष्ट या पडद्याची आहे.

आतडे तुटते ते ओढाताणीने नव्हे. समुद्रकाकडीच्या अंगातल्या कोलॅजनच्या ऊतीत एक विलक्षण गुण आहे. मज्जासंस्थेचा इशारा मिळाला की ही ऊती काही क्षणांत कडक होते किंवा अगदी लिबलिबीत होते. आपल्या स्नायूबंधांना हे जमत नाही. आतडे जिथे अन्ननलिकेला, मागच्या टोकाला आणि पडद्याला जोडलेले असते, तिथली ऊती नेमकी सैल पडते. त्याच वेळी शरीराची भिंत आवळली जाते, आतल्या द्रवाचा दाब वाढतो आणि सुटलेले आतडे गुदद्वारावाटे बाहेर ढकलले जाते. त्याच्याबरोबर रक्तवाहिन्यांचे जाळे आणि श्वासाच्या झाडाचा काही भागही जातो. प्रयोगशाळेत हे घडवून आणायला चाकू लागत नाही. शरीराच्या पोकळीत पोटॅशियम क्लोराइडचे काही मिलिलिटर द्रावण टोचले की थोड्याच वेळात आतडे बाहेर येते.

आता आत काय उरले? पुढे अन्ननलिकेचा तुकडा, मागे शेवटचा तुकडा, आणि मध्ये काठी काढून घेतलेल्या पडद्याची फाटकी कड.

पहिल्या काही दिवसांत ही कड भरून येते. मग ती जाड होऊ लागते आणि आठवड्याभरात अन्ननलिकेपासून मागच्या टोकापर्यंत मांसाची एक भरीव दोरी तयार होते. तिच्यासाठी लागणाऱ्या पेशी येतात पडद्यातूनच. पडद्यात स्नायूंच्या पेशी असतात. आकुंचन पावणे हे त्यांचे काम आणि त्यासाठीचे तंतू त्यांच्यात भरलेले असतात. आतडे गेल्यावर या पेशी ते तंतू गोळा करतात, पातळ आवरणात गुंडाळतात आणि बाहेर टाकून देतात. आपले ठरलेले काम सोडून त्या पुन्हा कोवळ्या, साध्या पेशी होतात. हा बदल फाटक्या कडेपाशी सुरू होतो आणि हळूहळू शरीराच्या भिंतीकडे सरकत जातो. सूक्ष्मदर्शकाखाली त्या बाहेर टाकलेल्या पुड्या दिसतात. त्या कुठे दिसतात आणि कुठे नाहीत, यावरून काम कुठवर आले हे अभ्यासकाला कळते. मला या सगळ्या गोष्टीत हा भाग सर्वांत थक्क करणारा वाटतो. माणसाच्या शरीरात आपले काम विसरून वाढू लागलेल्या पेशींची आपल्याला धास्ती वाटते. इथे तसेच काहीसे घडते, पण शिस्तीत घडते आणि वेळेवर थांबते.

पेशींना जागा मिळावी म्हणून जुने कोलॅजनही विरघळवावे लागते. ते कापणारी विकरे शरीर त्याच सुमारास तयार करते. संशोधकांनी ही विकरे औषधाने अडवून पाहिली, तेव्हा आतड्याची वाढ रखडली.

दोरी भरीव असते, आतडे पोकळ हवे. दुसऱ्या आठवड्यात उरलेल्या दोन्ही तुकड्यांच्या आतल्या अस्तरातून एकेक नळी दोरीत शिरते. एक पुढून येते, एक मागून. सुमारे तीन आठवड्यांनी त्या एकमेकींना मिळतात आणि वाट सलग होते. महिन्याच्या आसपास नवे आतडे जुन्यासारखे दिसू लागते, फक्त बारीक असते. तोवर समुद्रकाकडी काही खाऊ शकत नाही. शरीरात साठलेल्या अन्नावर, म्हणजे मुख्यतः स्वतःच्या जाड भिंतीवर ती निभावून नेते. दुबळ्या, उपाशी प्राण्याला म्हणूनच हे झेपत नाही.

सगळ्या जाती असे मागून आतडे टाकत नाहीत. युपेंटॅक्टा या वंशातल्या समुद्रकाकड्यांचे शरीर पुढच्या टोकाशी फाटते आणि तोंडाभोवतीच्या संस्पर्शकांसकट आतडे बाहेर पडते. मग पुढून नळी वाढवायला अन्ननलिकाच उरत नाही. रशियाच्या अतिपूर्वेकडच्या समुद्रातल्या युपेंटॅक्टा फ्रॉडॅट्रिक्सवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना आढळले की तिथे पडद्याच्या बाहेरच्या थरातल्या पेशीच रूप पालटून आतड्याचे अस्तर बनतात. म्हणजे एका प्रकारची पेशी सरळ दुसऱ्याच प्रकारची होते. प्राणिसृष्टीत हे क्वचितच पाहायला मिळते.

हे सारे शत्रूपासून सुटण्यासाठी, असे पुस्तकांत लिहिलेले असते. तर्क पटण्यासारखा आहे. तारामासा किंवा मासा समोर पडलेल्या मऊ मांसात गुंततो आणि कातडीची पिशवी सरकत निसटते. पण अभ्यासकांनी नोंदवलेल्या बऱ्याच घटनांत शत्रू नसतो. पाणी तापलेले असते, टाकीतला प्राणवायू संपत आलेला असतो, किंवा माणसाने प्राणी उचलून दाबलेला असतो.

भारतातल्या सगळ्या समुद्रकाकड्यांना 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले आहे. त्या मन्नारच्या आखातात आहेत, अंदमानात आहेत, लक्षद्वीपच्या उथळ खाजणांतही आहेत, आणि आपल्याकडचे पुष्कळ लोक तिथे सहलीला जातात. पाण्यात अशी एखादी काकडी दिसली तर तिला फोटोसाठी हातात घेऊ नका. आपल्या हाताच्या त्या एका मिनिटापायी तिला महिनाभर उपाशी राहावे लागू शकते.