सरासरी बिलाची तक्रार: अर्जात नेमके काय मागावे?

विजेचे बिल अव्वाच्या सव्वा आले की बहुतेक ग्राहक कार्यालयात जाऊन एवढेच सांगतात, "बिल जास्त आलंय, कमी करून द्या." खिडकीपलीकडचा कर्मचारी म्हणतो, "पुढच्या महिन्यात ॲडजस्ट होईल." ग्राहक परततो, आणि पुढच्या महिन्यात नवे बिल थकबाकीसह येते. तोंडी तक्रारीची कुठेच नोंद झालेली नसते. लेखी अर्ज दिला, पण त्यात आकडे नाहीत, तरीही हेच होते. म्हणून अर्ज लिहायला बसण्यापूर्वी बिल नीट वाचावे लागते.

बिलावर चालू रीडिंग, मागील रीडिंग आणि एकूण युनिट असे रकाने असतात. मीटर प्रत्यक्ष वाचला गेला नसेल, तर चालू रीडिंगच्या जागी किंवा मीटरच्या स्थितीपुढे 'लॉक्ड', 'इनॲक्सेस' किंवा 'आरएनए' असा शेरा दिसतो. घराला कुलूप होते, मीटरपर्यंत पोहोचता आले नाही किंवा रीडिंग मिळाले नाही, असे त्यांचे अर्थ. अशा वेळी कंपनी आधीच्या वापरावरून सरासरी काढून बिल देते. तसा तिला अधिकार आहे, पण प्रत्यक्ष रीडिंग मिळाल्यावर जादा घेतलेली रक्कम समायोजित करणे हेही तिचेच काम आहे. आपला अर्ज याच समायोजनासाठी असतो.

शेरा नसेल आणि चालू रीडिंग मीटरवरच्या आकड्यापेक्षा जास्त छापलेले असेल, तर रीडिंग घेतानाच चूक झाली आहे. दोन्ही आकडे जुळतात, पण वापर पटत नाही, असे असेल तर मीटर तपासणीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. हे प्रकार एकाच अर्जात मिसळले की उत्तर भलत्याच मुद्द्याचे येते.

आता मीटरपाशी जाऊ. डिजिटल मीटरच्या पडद्यावर दर काही सेकंदांनी आकडा बदलतो: कधी तारीख, कधी व्होल्टेज, कधी कमाल मागणी. आपल्याला हवा तो आकडा kWh या अक्षरांसोबत दिसतो. तो येईपर्यंत थांबून फोटो काढावा आणि मीटरवर कोरलेला क्रमांकही त्याच फोटोत येऊ द्यावा. हा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. इमारतीत एकाच फळीवर दहा-बारा मीटर असतात. तिथे शेजाऱ्याच्या मीटरचे बिल आपल्या नावावर येण्याची चूकही होते आणि ती इथेच सापडते.

एक उदाहरण घेऊ. एका ग्राहकाच्या बिलावर 15 जानेवारीचे शेवटचे प्रत्यक्ष रीडिंग 6410 आहे. त्यानंतर फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल ही तिन्ही बिले 'लॉक्ड' शेऱ्याने, दरमहा 210 युनिटची आली, म्हणजे एकूण 630 युनिट. 15 एप्रिलला काढलेल्या फोटोत मीटर 6695 दाखवतो. म्हणजे तीन महिन्यांचा खरा वापर 285 युनिट, महिन्याला 95.

युनिट दुपटीहून थोडे जास्त लावले गेले, पण रुपयांतला फरक त्याहून मोठा असतो, कारण दर टप्प्याटप्प्याने चढतात. हिशेब सोपा व्हावा म्हणून पहिल्या 100 युनिटला 6 रुपये आणि त्यापुढच्या टप्प्याला 12 रुपये दर धरू. प्रत्यक्ष दर आपल्या बिलावरूनच घ्यावेत. 210 युनिटचे होतात 1920 रुपये, तीन महिन्यांचे 5760. दरमहा 95 युनिटचे होतात 570, तीन महिन्यांचे 1710. फरक 4050 रुपयांचा. वीज शुल्क टक्केवारीने लागते, म्हणून तेही या फरकावर वाढते. स्थिर आकारात मात्र काही बदल होत नाही.

इथे एक धोका आहे. कंपनीने प्रत्यक्ष रीडिंग घेतले आणि सगळे 285 युनिट एकाच महिन्यात धरले, तर बिल 2820 रुपये होते. युनिट बरोबर, पण ते वरच्या टप्प्यात गेल्यामुळे रक्कम 1110 रुपयांनी जास्त. म्हणून "रीडिंगप्रमाणे बिल द्या" एवढीच मागणी अपुरी पडते. वापर तीन महिन्यांत विभागून प्रत्येक महिन्याला टप्प्याचा लाभ द्यावा, हे स्पष्ट लिहावे लागते.

अर्ज आपल्या उपविभागाच्या उपकार्यकारी अभियंत्यांच्या नावे करावा. विषयात ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक आणि वादातली बिले कोणत्या महिन्यांची, हे लिहावे. मजकूर साधारण असा:

"महोदय, माझ्या वरील जोडणीचे 15 जानेवारीचे प्रत्यक्ष रीडिंग 6410 होते. त्यानंतरची तीन बिले 'लॉक्ड' शेऱ्याने, दरमहा 210 युनिट सरासरीने आकारली आहेत. 15 एप्रिल रोजी मीटरवरील रीडिंग 6695 असून फोटो सोबत जोडला आहे. त्यानुसार तीन महिन्यांचा वापर 285 युनिट आहे. तरी, 1. मीटरचे प्रत्यक्ष रीडिंग घेऊन तिन्ही बिले दुरुस्त करावीत. 2. वापर तीन महिन्यांत विभागून स्लॅबचा लाभ द्यावा. 3. भरलेली जादा रक्कम पुढील बिलात वजा करावी आणि वादातील रकमेवर विलंब आकार व व्याज लावू नये. केलेल्या दुरुस्तीचा हिशेब लेखी कळवावा, ही विनंती."

सोबत तिन्ही बिलांच्या आणि त्यांपैकी भरलेल्यांच्या पावत्यांच्या प्रती, तसेच मीटरचा फोटो. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. ही पोच पुढच्या प्रत्येक पायरीवर लागते.

निकाल लागेपर्यंत बिल अजिबात न भरणे मात्र महागात पडते. वीज कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्याच कलमात ग्राहकाला संरक्षणही आहे. मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरी आकारावरून काढलेली रक्कम, यांपैकी जी कमी ती हरकत नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. अशी रक्कम भरणार असाल, तर कलमाचा उल्लेख करून तसे अर्जातच लिहावे.

उपविभागाने दाद दिली नाही, तर कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे आणि तिथून ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येते. मंचासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. मंचाचा निर्णय मान्य नसेल, तर महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूर इथे विद्युत लोकपाल आहेत.

दुरुस्त बिल हाती आले की तीन गोष्टी पडताळाव्यात. चालू रीडिंग प्रत्यक्ष घेतलेले आहे का? वजावट आपल्या हिशेबाशी जुळते का? आणि त्यापुढच्या महिन्याच्या बिलात हेच रीडिंग 'मागील रीडिंग' म्हणून आले आहे का? तिथे पुन्हा 6410 दिसले, तर तेच युनिट दुसऱ्यांदा लागले आहेत. अशा वेळी जुन्या पोचेची प्रत जोडून त्याच दिवशी नवा अर्ज द्यावा.