जांभळं किती भरायची, संत्री किती?

पावसाळ्याच्या तोंडावर नागपुरात जांभळाच्या हातगाड्या लागतात. फळ दुसऱ्या दिवशी मऊ पडतं. मग विक्रेत्यानं सकाळी माल किती उचलावा?

समजा, किलोची खरेदी 100 रुपये, विक्री 160. उरलेल्याला उद्या 20च मिळतात. किलो कमी पडला तर 60 हुकतात, उरला तर 80 बुडतात. 60 भागिले दोन्हींची बेरीज 140, म्हणजे सुमारे 0.43. मागच्या दहा दिवसांची मागणी चढत्या क्रमानं लिहावी. दहाच्या 0.43 पट म्हणजे 4.3, म्हणून वरचा पाचवा आकडा धरावा आणि तेवढाच माल भरावा.

आंबिया बहाराच्या संत्र्यांचं गणित उलटं निघतं. समजा, खरेदी 40, विक्री 60. उरलेली संत्री रसवाला 30ला घेतो. हुकतात 20, बुडतात 10. गुणोत्तर 0.67, म्हणून सातवा आकडा. नफा जांभळापेक्षा कमी, तरी माल सढळ हातानं भरावा, कारण उरलेल्याला गिऱ्हाईक आहे!

मागणीचे हे आकडे वहीतून घ्यायचे, आणि खरी गफलत तिथंच होते. दुपारी तीनलाच गाडी रिकामी झाली, तर वहीत विक्री उतरते, मागणी नाही. परत गेलेली गिऱ्हाइकं कुठंच दिसत नाहीत आणि माल कमीच भरला जातो. म्हणून माल संपल्याची वेळही लिहावी.

तुमच्या भागातले फळवाले हा अंदाज कसा बांधतात?