मेसेज कुणाला, कॅटलॉगमध्ये काय?

संकष्टीच्या आदल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर उकडीच्या मोदकांचे आठ फोटो येतात. खाली लिहिलेलं असतं, ‘दरासाठी इनबॉक्स करा’. मग तासभर ‘गुळाचेच ना?’, ‘घरपोच मिळतील का?’ असे प्रश्न सगळ्यांच्या फोनवर वाजत राहतात. ज्यांना मोदक नको आहेत ते वैतागतात आणि ज्यांना हवे आहेत त्यांनाही दर कळलेला नसतो.

यावरचा उपाय व्हॉट्सॲप बिझनेस या मोफत ॲपमध्येच आहे. कायम सारखी राहणारी माहिती कॅटलॉगमध्ये ठेवायची आणि मेसेजमधून फक्त त्या वेळेपुरती गोष्ट सांगायची.

कॅटलॉग म्हणजे आपल्या नंबरला जोडलेली दुकानाची मांडणी. ॲपच्या सेटिंगमध्ये Business tools खाली Catalog सापडतो. तिथे एकेका पदार्थाचा फोटो, नाव, किंमत आणि वर्णन भरायचं. घरगुती मोदक करणाऱ्या एका ताईंचं उदाहरण घेऊ. त्यांनी ‘उकडीचे मोदक, 11 नग, 385 रुपये’ आणि ‘21 नग, 735 रुपये’ अशा दोन वेगळ्या नोंदी कराव्यात. वर्णनात आंबेमोहोराची पिठी, ओलं खोबरं, गूळ, तूप वेगळं मिळेल की नाही, किती तासांत खावेत आणि एफएसएसएआयचा 14 आकडी नोंदणी क्रमांक द्यावा. इथे किंमत लपवू नये. दर विचारावा लागला की संकोची माणूस विचारतच नाही, आणि जो विचारतो त्याला तेच उत्तर दिवसभर टाइप करत बसावं लागतं. फोटो इंटरनेटवरून उचललेला नको, आपल्याच मोदकांचा हवा. कळ्या फोटोतल्यापेक्षा कमी निघाल्या तर गिऱ्हाईक पहिल्याच वेळी बिथरतं.

आता ब्रॉडकास्ट लिस्ट. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर आणि उत्तर सगळ्यांना दिसतं. ब्रॉडकास्टचा मेसेज मात्र प्रत्येकाला वेगळा, खासगी मेसेज म्हणून पोहोचतो आणि त्याचं उत्तर फक्त आपल्याला येतं. एका लिस्टमध्ये 256 जण बसतात. पण एक अट आहे: ज्यानं आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे, त्यालाच हा मेसेज मिळतो. बऱ्याच जणींना ही अट अडचण वाटते. मला ती या सोयीतली सर्वांत चांगली गोष्ट वाटते, कारण नंबर सेव्ह करायला सांगण्याच्या निमित्ताने परवानगी मागता येते. मोदकांचा डबा हातात देताना ताईंनी विचारावं, ‘दर संकष्टीला आधी एक मेसेज करू का? करायचा असेल तर हा नंबर सेव्ह करा.’ जो हो म्हणेल तोच यादीत. नातेवाइकांचे आणि मुलांच्या शाळेतल्या पालकांचे नंबर सरसकट यादीत ओतू नयेत.

एकच मोठी यादी करण्यापेक्षा ‘संकष्टी’, ‘दिवाळी फराळ’ अशा वेगळ्या याद्या ठेवाव्यात. वर्षातून एकदा चकली नेणाऱ्याला दर महिन्याला मोदकांची आठवण कशाला? संकष्टीच्या यादीला महिन्यातून एकच मेसेज, दोन दिवस आधी, सकाळी अकराच्या सुमाराला जावा, म्हणजे नारळांचा अंदाज येतो. मजकूर एवढाच पुरे:

‘परवा संकष्टी. उकडीचे मोदक हवे असल्यास उद्या दुपारी 2 पर्यंत सांगावे. संध्याकाळी 6 ते 7.30 घरून न्यायचे. मेसेज नको असल्यास तसं कळवा.’

सोबत कॅटलॉगमधली मोदकांची नोंद जोडायची. सुप्रभात, सुविचार, सणाच्या शुभेच्छा या यादीवर नकोत. वाफाळत्या चाळणीचा फोटो स्टेटसला ठेवावा, ज्याला पाहायचं तो उघडून पाहील.

पाठवलेल्या ब्रॉडकास्ट मेसेजवर बोट दाबून माहिती उघडली की तो कुणाला पोहोचला आणि कुणी वाचला ते दिसतं. एखाद्याला महिनोन्‌महिने पोहोचतच नसेल, तर बहुधा त्यानं नंबर सेव्ह केलेला नाही किंवा आपल्याला ब्लॉक केलं आहे. अशा माणसाला दुसऱ्या नंबरवरून गाठू नये, यादीतून काढावं. वाचल्याची खूण काही जण बंद ठेवतात, त्यामुळे निव्वळ तिच्यावरून कुणाला वगळू नये. पण ओळीनं तीन-चार संकष्ट्या ज्याची ना ऑर्डर ना उत्तर, त्याला एकदा स्वतंत्रपणे विचारावं आणि नको म्हणाला तर त्याच क्षणी नाव काढावं. बऱ्याच लोकांनी ब्लॉक किंवा रिपोर्ट केलं तर व्हॉट्सॲप खातंच बंद करू शकतं, आणि मग सगळी गिऱ्हाइकं एकदम तुटतात.

अंगारकीला मागणी वाढते आणि हात मात्र तेवढेच असतात. जेवढे मोदक वळता येतील तेवढ्या ऑर्डर झाल्या की कॅटलॉगमधली ती नोंद लपवून ठेवावी. ‘ऑर्डर संपल्या’ असा मेसेज पूर्ण यादीला पाठवायची गरज नाही. उशिरा विचारणाऱ्याला तेवढं एकट्याला कळवावं, आणि पुढच्या संकष्टीची तारीखही त्यातच सांगावी.