पाव टक्क्याचे पाच लाख

पन्नास लाखांचे गृहकर्ज, मुदत वीस वर्षे, व्याजदर 8.50 टक्के. मासिक हप्ता साधारण 43,391 रुपये आणि एकूण व्याज सुमारे 54 लाख 14 हजार. कर्ज घेतल्याबरोबर दर 8.75 झाला, तर हप्ता 795 रुपयांनी वाढतो आणि वीस वर्षांत व्याज सुमारे 1 लाख 90 हजारांनी.

पण अनेकदा बँक हप्ता तोच ठेवते आणि मुदत वाढवते. खिशाला काहीच जाणवत नाही, आणि खरे नुकसान इथेच होते. पहिल्या हप्त्यातून मुद्दलात 7,974 रुपये जायचे, ते आता जेमतेम 6,933 जातात. मुद्दल हळू फिटते, म्हणून व्याज जास्त काळ चढत राहते. कर्ज एक वर्षाहून थोडे अधिक लांबते आणि जादा व्याज सुमारे 5 लाख 40 हजारांवर जाते.

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023च्या परिपत्रकानुसार, दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याचा पर्याय कर्जदाराला द्यावा लागतो. परवडत असेल तर हप्ता वाढवून घ्या. कर्जखात्याच्या उताऱ्यात उरलेल्या हप्त्यांची संख्या तपासा. ती महिन्यागणिक एकने कमी व्हायला हवी.