अडकलेल्या चिपचा पहारेकरी

शेतातल्या पंपाचा कंट्रोलर घ्या. त्यातली एटीमेगा ३२८ चिप दोन तारांवरून पाण्याच्या सेन्सरला विचारते आणि उत्तराची वाट पाहते. मोटर सुरू होताना तारेत विजेचा झटका आला, उत्तर हरवलं, तर प्रोग्राम तिथेच कायमचा थांबतो. पंप मात्र चालूच.

यासाठी चिपमध्येच वॉचडॉग टायमर असतो. तो मुख्य घड्याळावर विसंबत नाही, त्याचं स्वतःचं वेगळं घड्याळ असतं. मुदत समजा २ सेकंदांची लावली, तर प्रोग्रामने त्याआधी `wdt_reset()` म्हणून मोजणी पुन्हा शून्यावर आणायची. आणली नाही, तर टायमर चिपला रीसेट करतो. प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो आणि पहिलं काम म्हणून पंप बंद करतो. रीसेट वॉचडॉगमुळेच झाला का, हे `WDRF` या बिटवरून कळतं. ते नोंदवून ठेवावं, नाहीतर खरा दोष झाकलेलाच राहतो.

ही मोजणी टायमर इंटरप्टमधून शून्यावर आणण्याचा मोह होतो. तो वाईट. मुख्य प्रोग्राम अडकला तरी इंटरप्ट चालूच राहतो, आणि वॉचडॉगला वाटतं सगळं आलबेल आहे. सेन्सर वाचला, पंपाचा निर्णय झाला, मगच `wdt_reset()` लिहावं.

तरीही चुकीचं गणित वेळेत करणारा प्रोग्राम वॉचडॉगला सापडत नाही. आणि सेन्सरच तार धरून बसला असेल, तर नुसती चिप रीसेट करून भागत नाही. कधी सेन्सरचाही वीजपुरवठा तोडून जोडावा लागतो.